शिक्का खरा, पत्र खोटे

आयएनजी डायरेक्ट ही अमेरिकेतली बँक मुख्यतः इंटरनेटवरून चालत असे. 2008 साली प्रिन्स्टन विद्यापीठातल्या बिल झेलर आणि एडवर्ड फेल्टन या दोघांनी या बँकेच्या संकेतस्थळातली एक फट जाहीर केली. ग्राहकाचा पासवर्ड न चोरता आणि त्याच्या संगणकात कसलाही विषाणू न सोडता त्याच्या खात्यातले पैसे परस्पर तिसऱ्याच्या खात्यात वळवता येत होते. त्यासाठी ग्राहकाकडून एकच गोष्ट घडावी लागे. बँकेत लॉगिन असताना त्याने दुसऱ्या टॅबमध्ये चोराने तयार केलेले एखादे पान उघडायचे. ते पान पाककृतींचे असो की क्रिकेटच्या धावफलकाचे, त्यावर कुठे क्लिक करण्याचीही गरज नव्हती.

त्या पानात दडवलेल्या सूचना ग्राहकाच्या ब्राउजरमार्फत बँकेकडे एकामागून एक जात. आधी ग्राहकाच्या नावाने एक नवे खाते उघडायचे. ही सोय बँकेने लॉगिन केलेल्या ग्राहकाला दिलेलीच होती. मग त्याच्या बचत खात्यातली रक्कम या नव्या खात्यात हलवायची. मग पैसे घेणारा म्हणून चोराचे नाव आणि खाते क्रमांक जोडायचा आणि शेवटी त्याला पैसे पाठवायचे. प्रत्येक टप्प्यावर बँकेचा सर्व्हर एकच गोष्ट तपासत होता, की ही विनंती लॉगिन केलेल्या ग्राहकाच्या ब्राउजरमधून आली आहे का? ती तिथूनच येत होती, त्यामुळे बँकेने प्रत्येक टप्प्यावर मान डोलावली. ब्राउजरच्या पट्टीत कुलपाचे चित्रही दिसत होते, पण त्याचा काही उपयोग नव्हता. ते कुलूप वाटेत कोणी संदेश वाचू नये म्हणून असते, संदेश कोणी लिहिला हे त्याला कळत नाही. हा शोध जाहीर होण्याआधी बँकेने फट बुजवली होती.

या युक्तीला इंग्रजीत ‘क्रॉस-साइट रिक्वेस्ट फोर्जरी’ म्हणतात. 2001 मध्ये पीटर वॉटकिन्स यांनी हे नाव दिले आणि त्याच्या आद्याक्षरांचा उच्चार ‘सी-सर्फ’ करावा असेही सुचवले. मराठी माणसाला बनावट पत्र म्हटले की ‘ध’चा ‘मा’ आठवतो. तिथे खऱ्या पत्रातले एक अक्षर बदलले गेले, असे सांगतात. इथे अक्षर बदलण्याचीही तसदी नाही. अख्खे पत्र परका माणूस लिहितो आणि त्यावर खरा शिक्का मालकाचाच विश्वासू नोकर उमटवतो. हा नोकर म्हणजे आपला ब्राउजर.

नोकर असे का वागतो, हे समजायला कुकी म्हणजे काय ते पाहावे लागते. संकेतस्थळाच्या सर्व्हरला स्मरणशक्ती नसते. एका क्षणी पासवर्ड देऊन आत आलेला माणूस पुढच्या क्षणी दुसरे पान मागू लागला, तर तो तोच आहे हे सर्व्हरला उमगत नाही. 1994 मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू मॉन्टुली यांनी यावर तोड काढली. सर्व्हरने ब्राउजरच्या हाती एक चिठ्ठी द्यायची आणि ब्राउजरने त्या सर्व्हरकडे जाणाऱ्या प्रत्येक विनंतीसोबत ती चिठ्ठी आपणहून जोडायची. हीच कुकी. लॉगिन केल्यावर मिळणाऱ्या कुकीत एक लांबलचक क्रमांक असतो आणि तो पाहून सर्व्हर माणूस ओळखतो. टॅब बंद केल्याने ही चिठ्ठी फाटत नाही. लॉगआउट होईपर्यंत किंवा तिची मुदत संपेपर्यंत ती ब्राउजरच्या खिशातच राहते.

घोटाळा ‘आपणहून’ या शब्दात आहे. विनंती कोणत्या पानाने करायला लावली, याचा विचार न करताच ब्राउजर चिठ्ठी जोडत असे. आणि एका पानाने दुसऱ्या संकेतस्थळाकडे विनंती पाठवणे यात गैर काहीच नाही, वेब उभे आहे ते त्यावरच. वर्तमानपत्राच्या पानात दुसऱ्या ठिकाणचे छायाचित्र येते, तेव्हा ब्राउजर त्या दुसऱ्या ठिकाणी मुकाट्याने जाऊन ते आणतो. आता छायाचित्राच्या पत्त्याच्या जागी कोणी असे लिहिले तर?

```html
<img src="https://bank.example/transfer?to=501&amount=5000"
     width="0" height="0">
```

ब्राउजरला वाटते, हे चित्र आहे, आणून दाखवू या. तो `bank.example` या काल्पनिक बँकेकडे जातो आणि सवयीने ग्राहकाची कुकी सोबत देतो. बँकेने पत्त्यातल्या मजकुरावरून पैसे पाठवण्याची सोय ठेवली असेल, तर 501 क्रमांकाच्या खात्यात पाच हजार जमा होतात. उत्तरात चित्र येत नाही, पण शून्य रुंदीचे चित्र आले नाही हे पाहणाऱ्याला कळणार कसे?

नुसते पाहण्याच्या विनंतीवर पैसे हलवणे ही बँकेची घोडचूक आहे, असे कोणी म्हणेल आणि ते खरेच आहे. पाहण्यासाठी एक प्रकारची विनंती आणि बदल करण्यासाठी दुसऱ्या प्रकारची, असा वेबचा जुना शिरस्ता आहे. दुसऱ्या प्रकारात माहिती पत्त्यात न लिहिता फॉर्म भरून पाठवली जाते. पण एवढ्यावर निर्धास्त राहिलेली संकेतस्थळेही फसली. परक्या पानाला अदृश्य चौकटीत आधीच भरलेला फॉर्म ठेवता येतो आणि पान उघडताच जावास्क्रिप्टच्या एका ओळीने तो पाठवताही येतो. आयएनजी डायरेक्टच्या गोष्टीतले फॉर्मही असेच पाठवता येत होते. टप्पे अनेक होते, पण प्रत्येक टप्प्यात काय भरायचे हे चोराला आधीच माहीत होते, कारण सगळ्या ग्राहकांना मिळणारे फॉर्म सारखेच होते.

अशा फसगतीचे वर्णन वेब जन्माला येण्याआधीच झालेले आहे. नॉर्म हार्डी यांनी 1988 मध्ये टाइमशेअर कंपनीतला एक किस्सा लिहून काढला होता. तिथल्या संगणकावर फोरट्रान भाषेचा एक कंपायलर होता. तो कोण किती वापरतो याची नोंद ठेवायची असल्यामुळे त्याला विशिष्ट ठिकाणी लिहिण्याचा अधिकार होता आणि ग्राहकांच्या बिलांची फाइलही त्याच ठिकाणी होती. एका वापरकर्त्याने त्याला सांगितले, तुझा तपशील अमुक फाइलमध्ये लिही. अमुक फाइल म्हणजे नेमकी बिलांची. वापरकर्त्याला ती फाइल लिहिण्याचा अधिकार नव्हता, पण कंपायलरला होता, आणि त्याने इमानेइतबारे बिले पुसून वर आपला मजकूर लिहिला. हार्डी यांनी त्याचे वर्णन ‘गोंधळलेला मुखत्यार’ असे केले. अधिकार एकाने दिलेला, हुकूम दुसऱ्याचा, आणि मुखत्याराला दोघांतला फरक कळत नाही. कुकी घेऊन फिरणारा ब्राउजर त्याचाच धाकटा भाऊ.

पैशांचा मामला असला की निदान खात्यात काहीतरी दिसते. जीमेलमध्ये 2007 च्या सप्टेंबरात पेटको पेटकोव्ह या संशोधकाने दाखवलेली फट त्याहून कावेबाज होती. जीमेलमध्ये गाळणी लावता येते, म्हणजे अमुक प्रकारची मेल आली की ती तमुक पत्त्यावर पुढे पाठव, अशी कायमची सूचना. परके पान लॉगिन असलेल्या माणसाच्या ब्राउजरकरवी ही गाळणी बसवण्याचा फॉर्म गुपचूप पाठवू शकत होते. जोडपत्र असलेली प्रत्येक मेल यापुढे चोराच्या पत्त्यावरही जाईल, एवढी एक विनंती पुरे. गूगलने काही दिवसांतच फट बुजवली. पण आधीच बसलेली गाळणी फट बुजवल्याने निघत नाही. पासवर्ड बदलला तरी ती राहते. ती शोधायची तर सेटिंग्जमध्ये जाऊन गाळण्यांची यादी उघडावी लागते, आणि ती यादी उघडणारी माणसे किती असतील?

यात चोराची एक मर्यादा लपलेली आहे आणि उपाय तिच्यावरच उभा आहे. परके पान विनंती पाठवू शकते, पण तिचे उत्तर वाचू शकत नाही. 1995 पासून ब्राउजरांमध्ये एक नियम आहे. एका उगमस्थानाहून आलेल्या पानाच्या स्क्रिप्टला दुसऱ्या उगमस्थानाच्या पानातला मजकूर वाचता येत नाही, त्या दुसऱ्याने स्पष्ट परवानगी दिली असेल तरच येतो. एका टॅबमध्ये बँक आणि शेजारच्या टॅबमध्ये काहीही उघडून आपण बसू शकतो ते या नियमामुळे. चोर आंधळा असतो. तो पत्रपेटीत पाकिटे टाकू शकतो, पण आलेली पाकिटे उघडून पाहू शकत नाही. जीमेलची गाळणी बसवताना त्याला समोरचे काहीच दिसत नव्हते. प्रत्येक रकाना त्याने आधीच ओळखून भरला होता.

मग फॉर्ममध्ये असा एखादा रकाना ठेवावा की जो ओळखून भरताच येणार नाही.

लपवलेले टोकन ते हेच. माणूस पैसे पाठवण्याचे खरे पान उघडतो, तेव्हा सर्व्हर एक यादृच्छिक मजकूर तयार करतो, तो त्या माणसाच्या सत्राशी बांधून आपल्याकडे नोंदवतो आणि फॉर्ममध्ये न दिसणाऱ्या रकान्यात ठेवतो.

```html
<form action="/transfer" method="post">
  <input type="hidden" name="csrf_token"
         value="b81f0c6e27d94a35f2e07719c4ad603b">
  <input name="to"> <input name="amount">
  <button>पाठवा</button>
</form>
```

माणसाने बटण दाबले की टोकन बाकीच्या रकान्यांसोबत परत जाते. सर्व्हर पाहतो की कुकी कोणाची आहे, त्या सत्राला कोणते टोकन दिले होते आणि फॉर्ममधून आलेले टोकन तेच आहे का. जुळले तर काम होते, नाहीतर विनंती परत जाते. परक्या पानातून गेलेल्या विनंतीतही कुकी असेल, कारण ती ब्राउजर आपणहून जोडतो. टोकन मात्र कोणी आपणहून जोडत नाही. ते फॉर्ममध्ये असावे लागते, आणि फॉर्ममध्ये घालायचे तर आधी खरे पान वाचावे लागते. तिथेच परक्या पानाला मज्जाव आहे.

अंदाजाने भरायचे म्हटले तर? वरच्या टोकनात सोळा चिन्हांमधून निवडलेली 32 अक्षरे आहेत. शक्य टोकनांची संख्या 39 आकडी होते. चोराने सेकंदाला अब्जावधी अंदाज केले तरी विश्वाच्या आजवरच्या वयात त्या यादीचा क्षुल्लक तुकडासुद्धा तपासून होणार नाही, आणि बळी पडणारा माणूस चोराचे पान काही मिनिटेच उघडे ठेवतो.

‘लपवलेले’ या शब्दाने मात्र फसू नये. हे टोकन खुद्द वापरकर्त्यापासून लपवलेले नसते. ब्राउजरमध्ये पानाचा स्रोत उघडला की ते कोणालाही दिसते. फक्त ते दुसऱ्या संकेतस्थळाला दिसता कामा नये.

चोराला आणखी एक युक्ती सुचू शकते, आणि ती फसायची की साधायची हे सर्व्हर लिहिणाऱ्यावर अवलंबून असते. चोर त्याच बँकेत स्वतःचे खाते उघडतो, स्वतःच्या फॉर्ममधले ताजे, अस्सल टोकन उचलतो आणि ते बनावट फॉर्ममध्ये घालतो. सर्व्हर फक्त ‘हे टोकन मीच दिलेले आहे ना’ एवढेच विचारत असेल तर चोर जिंकला. ‘हे टोकन मी याच माणसाच्या याच सत्राला दिले होते का’ असे विचारले तरच युक्ती फसते. याहून हास्यास्पद चूकही प्रत्यक्षात आढळते. टोकन चुकीचे असेल तर सर्व्हर विनंती नाकारतो, पण टोकनाचा रकानाच नसेल तर तपासणीच करत नाही. पहारेकरी खोटे ओळखपत्र पकडतो आणि ओळखपत्र न आणणाऱ्याला आत सोडतो, तसला हा प्रकार. म्हणून सुरक्षा तपासणारे लोक टोकनातले एखादे अक्षर बदलून पाहतात, मग तो रकानाच काढून पाहतात आणि मग दुसऱ्या खात्याचे टोकन घालून पाहतात. तिन्ही वेळा नकार आला पाहिजे.

सामान्य माणसाला हे टोकन भेटते ते बहुधा त्रास म्हणून. अर्ज अर्धा भरून तो जेवायला जातो, परत येऊन बटण दाबतो आणि समोर ‘419 Page Expired’ किंवा ‘CSRF verification failed. Request aborted.’ असे काहीतरी येते. पहिला संदेश लाराव्हेल या चौकटीवर बांधलेल्या संकेतस्थळांचा, दुसरा जँगोवर बांधलेल्या. दरम्यान सत्र संपलेले असते किंवा नवे सुरू झालेले असते आणि फॉर्ममधले जुने टोकन आता कोणाचेच नसते. पान पुन्हा उघडले की नवे टोकन येते आणि अर्ज जातो, फक्त तो पुन्हा भरायचे कष्ट पडतात. सर्व्हरच्या बाजूने पाहिले तर हा विसरभोळा माणूस आणि बनावट फॉर्म पाठवणारा चोर यांत काडीचाही फरक नसतो.

भारतात कार्डाने ऑनलाइन पैसे देताना वेगळा पुरावा मागण्याचा नियम रिझर्व्ह बँकेने 1 ऑगस्ट 2009 पासून लागू केला. मोबाइलवर येणारा ओटीपी हा या कामी एक प्रकारचे टोकनच ठरतो. परक्या पानाला तो वाचता येत नाही, म्हणून बनावट विनंती तिथे अडते. पण प्रत्येक कृतीला ओटीपी मागितला तर माणूस वैतागून संकेतस्थळ सोडेल. पत्ता बदलणे, संपर्काचा ईमेल बदलणे, मेलची गाळणी बसवणे अशी कामे जिथे ओटीपीशिवाय होतात, तिथे सारी भिस्त मुकाट्याने काम करणाऱ्या लपवलेल्या रकान्यावर असते.

या रकान्याचाही एक कच्चा दुवा आहे, आणि तो कोणता हे एका पोराने 2005 च्या ऑक्टोबरात मायस्पेसवर दाखवून दिले. सॅमी कामकार तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. कोणालाही मित्र म्हणून जोडण्यापूर्वी मायस्पेस पुष्टीचे पान दाखवत असे आणि त्या पानात एक यादृच्छिक खूण असे. परक्या संकेतस्थळाला ती वाचता आली नसती. पण सॅमीने आपली स्क्रिप्ट मायस्पेसच्या चाळणीतून निसटवून थेट मायस्पेसवरच्या स्वतःच्या पानात घुसवली. त्याचे पान पाहणाऱ्याच्या ब्राउजरला ती स्क्रिप्ट मायस्पेसचीच वाटली. तरी नियम आडवा आलाच. वापरकर्त्यांची पाने `profile.myspace.com` वर उघडत आणि मित्र जोडण्याचे काम `www.myspace.com` वर चाले. ब्राउजरच्या दृष्टीने हे दोन वेगळे उगम. पण तेच पान `www` लावूनही उघडत असे. म्हणून सॅमीची स्क्रिप्ट आधी पाहुण्याला त्या पत्त्यावर नेई, मग पुष्टीचे पान मागवी, त्यातली खूण वेचून काढी आणि ती भरून फॉर्म पाठवी. शिवाय पाहुण्याच्या पानातही स्वतःची प्रत सोडून देई. वीस तासांच्या आत सॅमीच्या मित्रांची संख्या दहा लाखांवर गेली आणि मायस्पेसला संकेतस्थळ काही काळ बंद ठेवावे लागले. टोकन बाहेरच्या आंधळ्या चोराला अडवते. चोर घरात शिरून डोळे उघडे ठेवून बसला असेल, तर टोकन त्याच्याही हाती लागते.

अलीकडे नोकरालाही थोडी अक्कल शिकवली गेली आहे. सर्व्हरने कुकी देताना तिच्यावर `SameSite` अशी खूण केली, तर परक्या संकेतस्थळाने करवलेल्या विनंतीत ब्राउजर ती कुकी जोडत नाही. 2020 च्या फेब्रुवारीत क्रोमने ही खूण नसलेल्या कुकींनाही तीच वागणूक द्यायला सुरुवात केली. पण तेवढ्यात कोविड आला. ज्या संकेतस्थळांची कामे या बदलाने अडली असती त्यांत अत्यावश्यक सेवाही असू शकत होत्या, म्हणून एप्रिलमध्ये बदल मागे घेतला आणि जुलैपासून पुन्हा हळूहळू लागू केला. या बदलाने चोराची बरीचशी वाट बंद झाली. तरी एकाच मुख्य नावाखालची उपनावे ब्राउजरला ‘एकाच घरची’ वाटतात. कंपनीचे एखादे विसरलेले उपसंकेतस्थळ चोराच्या हाती गेले, तर त्यावरून केलेल्या विनंतीसोबत कुकी जातेच. त्यामुळे चौकटी लिहिणाऱ्यांनी टोकन काढून टाकलेले नाही.

ते पाहायचे असेल तर संगणकावर एखादे फॉर्मचे पान उघडून कंट्रोल आणि यू या कळा एकत्र दाबाव्यात आणि स्रोतात `csrf` किंवा `authenticity_token` शोधावे. जँगोवर बांधलेल्या संकेतस्थळात `csrfmiddlewaretoken` नावाचा रकाना सापडतो आणि पान दर वेळी नव्याने उघडले की त्यातली अक्षरे बदललेली दिसतात. टोकनामागचे गुपित मात्र तेच असते. 2013 मध्ये दाबून छोट्या केलेल्या पानांच्या नुसत्या आकारावरून त्यांतली गुपिते थोडी थोडी ओळखण्याची ‘ब्रीच’ नावाची युक्ती पुढे आली होती. तिच्यावर उतारा म्हणून 2016 मधल्या 1.10 आवृत्तीपासून जँगो दर वेळी एक नवा यादृच्छिक मुखवटा घेतो, तो त्या गुपितावर चढवतो आणि दोन्ही मिळून रकान्यात ठेवतो. फॉर्म परत आला की आधी मुखवटा उतरवायचा आणि मग आतला चेहरा नोंदीशी ताडून पाहायचा.